मीटिंग संपल्यावर ग्रुपवर काय टाकायचं: निर्णय, नाव आणि तारीख एका नजरेत दिसेल असा गोषवारा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा चिंचोळीला एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात जा, कामाचा खरा कारभार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतो. मीटिंग ऑफिसात होते, पण मागावर उभा असलेला सुपरवायझर, शिलाई खात्यातली ताई आणि गाडी लावणारा माणूस यांच्यापर्यंत ती पोचते ती ग्रुपवरच्या मेसेजमधून. तो मेसेज नीट लिहिला नसेल तर चार माणसं चार गोष्टी धरून चालतात, आणि ते कळतं थेट माल भरायच्या दिवशी.

हा मेसेज कसा लिहायचा हे एकाच उदाहरणावरून शेवटपर्यंत बघू. उदाहरण नमुन्यादाखल रचलेलं आहे, नावंही तशीच घेतली आहेत. ऑर्डर अशी: पुण्याच्या एका हॉटेलला 3,000 पांढरे बाथ टॉवेल, 70 बाय 140 सेंटिमीटर, 500 जीएसएम म्हणजे चौरस मीटरला 500 ग्रॅम वजन, बॉर्डरवर हॉटेलचा लोगो. मीटिंग सोमवारी, 5 जानेवारी 2026 रोजी.

मीटिंगमध्ये खरं काय बोललं जातं

गोषवारा बिघडतो तो लिहिताना कमी आणि ऐकताना जास्त. आपल्याकडची मीटिंग साधारण अशी असते. इथं विणकाम अंबादासकडे, प्रोसेस म्हणजे धुलाई-ब्लीच इरफानकडे, लोगोचं वैशालीताईंकडे आणि गाडीचं रेवणसिद्धकडे:

शेठ: "हजार टॉवेल आधी धाडू, बाकीचे महिनाअखेर. चालतंय का?"

अंबादास: "चालतंय की. पण नमुन्याचं वजन 462 भरलंय, शेठ."

इरफान: "प्रोसेसमध्ये गेलं असंल."

शेठ: "मग पाइल वाढवा थोडं."

अंबादास: "बघतो."

वैशालीताई: "लोगोचं त्यांनी अजून कळवलं नाही. यात्रेआधी यायला पाहिजे."

शेठ: "विचारून घ्या."

रेवणसिद्ध: "आपल्या टेम्पोनं धाडायचं का ट्रान्सपोर्टनं?"

शेठ: "बघू."

एवढ्या बोलण्यात पक्का निर्णय एकच आहे: माल दोन हप्त्यांत जाणार. "पाइल वाढवा थोडं", म्हणजे टॉवेलवरचे सुताचे वेढे वाढवा म्हणजे वजन वाढेल, ही सूचना झाली. थोडं म्हणजे किती आणि कुठवर, ते ठरलेलं नाही. "बघतो" हा होकार आहे की टाळाटाळ, हे फक्त अंबादासला माहीत. "विचारून घ्या" कुणाला म्हटलं? वैशालीताई बोलत होत्या म्हणून त्यांनाच, असं आपण धरतो, पण मीटिंगमधून उठताना त्या म्हणू शकतात की शेठ स्वतः हॉटेलवाल्यांशी बोलणार होते. आणि टेम्पोचं तर काहीच ठरलं नाही.

आता यावर घाईघाईत लिहिलेला नेहमीचा मेसेज बघा: "आजच्या मीटिंगमध्ये पुण्याच्या ऑर्डरविषयी सविस्तर चर्चा झाली. पहिले हजार टॉवेल लवकर पाठवायचे आहेत. वजनाकडे सर्वांनी लक्ष द्यावे. लोगोची मंजुरी यात्रेआधी घ्यायची आहे. धन्यवाद." यात खोटं काही नाही. पण "लक्ष द्यावे", "घ्यायची आहे" या वाक्यांत करणारा माणूसच नाही. दहा जणांनी अंगठा दाखवला तरी काम कुणाच्याच डोक्यावर बसत नाही.

पायरी 1: वहीत समासात तीन खुणा

मीटिंग चालू असताना सगळं उतरवून घेऊ नका. वहीच्या डाव्या समासात फक्त तीन अक्षरं वापरा: ठरलेल्या गोष्टीपुढे "नि", कुणीतरी करायच्या कामापुढे "का" आणि अडकलेल्या गोष्टीपुढे "प्र". बाकी बोलणं कानावरून जाऊ द्या. जिथं "का" लिहिलंय तिथं लगेच दोन रिकामे चौकोन काढा, एक नावासाठी आणि एक तारखेसाठी. ते रिकामे राहिले की डोळ्याला टोचतात, आणि हाच त्यांचा उपयोग.

वरच्या बोलण्यात माझ्या वहीत एक "नि", दोन "का" आणि एक "प्र" पडले असते. दोन्ही "का"पुढचे चौकोन रिकामेच.

हे काम मीटिंग चालवणाऱ्याने करू नये. तो बोलण्यात गुंतलेला असतो, आणि त्याच्या मनात जे ठरलं ते खोलीत ठरलं असं त्याला वाटतं. कमी बोलणारं, पण काम समजणारं माणूस यासाठी बरं.

पायरी 2: उठायच्या आधी पाच मिनिटं

या पाच मिनिटांवर सगळा गोषवारा उभा असतो. चहा संपत आला की वही उघडून रिकामे चौकोन मोठ्यानं विचारायचे. इथं भिडस्तपणा करून चालत नाही. मालकापुढे "म्हणजे नक्की किती?" असं विचारायला जड जातं, म्हणून प्रश्न आपल्या अंगावर घ्यावा: "मला ग्रुपवर लिहायचंय, काय लिहू?" यानं कुणाला उलटतपासणी वाटत नाही.

वजनाचा प्रश्न जवळून बघण्यासारखा आहे. 70 बाय 140 सेंटिमीटर म्हणजे 0.98 चौरस मीटर. 500 जीएसएमनं एका टॉवेलचं वजन 490 ग्रॅम भरायला हवं. या ऑर्डरमध्ये पाच टक्के मागेपुढे चालेल असं लिहिलेलं आहे, म्हणजे खालची मर्यादा साधारण 466 ग्रॅम. नमुना 462 चा, म्हणजे तो नापास. "वजनाकडे लक्ष द्यावे" याऐवजी "466 ग्रॅमखालचा लॉट पुढे जाणार नाही" हा निर्णय झाला.

पण इथं अजून एक खाच आहे. मागावरून उतरलेल्या टॉवेलच्या सुतात सायझिंगची कांजी असते. धुलाई आणि ब्लीचमध्ये ती निघून जाते आणि वजन घटतं. अंबादास मागावर मोजेल आणि "470 भरलं" म्हणेल, इरफान प्रोसेसनंतर मोजेल आणि पुन्हा कमी भरेल. दोघंही खरंच सांगत असतील. म्हणून "प्रोसेसनंतरचं वजन" हे दोन शब्द गोषवाऱ्यात असायलाच हवेत. मीटिंगमध्ये जाणकारांना जे बोलायची गरज वाटत नाही, तेच लिहून ठेवावं लागतं. कामाची माहिती असणारा माणूस गोषवारा लिहायला हवा, तो यासाठीच.

तारखेचंही तसंच. "यात्रेआधी" हे सोलापुरात सगळ्यांना कळतं असं वाटतं. पण सिद्धेश्वर यात्रा एका दिवसाची नाही. कुणी नंदीध्वजाची पहिली मिरवणूक धरतं, कुणी अक्षता सोहळा, कुणी संक्रांत. "यात्रेनंतर" तर त्याहून अवघड, कारण होम मैदानावरचा गड्डा पुढेही बरेच दिवस चालू असतो. मुदत लिहिताना वार, तारीख आणि वेळ हे तिन्ही लिहा: "गुरुवार 8 जानेवारी, संध्याकाळी 5". वार आणि तारीख दोन्ही लिहिल्याचा फायदा असा की लिहिणारा चुकला तर दोन्ही जुळत नाहीत आणि कुणीतरी लगेच दाखवून देतं. "उद्या" तर कधीच लिहू नये. मेसेज रात्री वाचणाऱ्याचा आणि सकाळी वाचणाऱ्याचा "उद्या" वेगळा असतो.

पायरी 3: मेसेज लिहिणं

पाच मिनिटांच्या विचारपुसीनंतर मीटिंगमधून निघालेला मेसेज असा:

```
*पुणे हॉटेल ऑर्डर: मीटिंग, सोम 5 जाने*

*ठरलं*
- माल दोन हप्त्यांत: 1,000 नग पुण्यात मंगळ 20 जाने, 2,000 नग शनि 31 जाने
- प्रोसेसनंतर 466 ग्रॅमखालचा लॉट पुढे नाही
- 13 व 14 जाने कारखाना बंद

*कामं*
1. *अंबादास*: पाइल वाढवून 10 नमुने विणून प्रोसेसला देणे, *बुध 7, दुपारी 12*
2. *वैशालीताई*: लोगोची लेखी मंजुरी ग्रुपवर टाकणे, *गुरु 8, सं. 5*
3. *इरफान*: 10 नमुन्यांचं प्रोसेसनंतरचं वजन ग्रुपवर टाकणे, *शुक्र 9, सं. 5*

*अडकलेलं*
- टेम्पो की ट्रान्सपोर्ट: शेठ शनि 10 ला सांगणार, विचारणार रेवणसिद्ध

चुकलं असेल तर आज रात्री 9 पर्यंत सांगा.
```

आता यातला क्रम असाच का, ते सांगतो.

निर्णय आधी, कामं नंतर. निर्णय सगळ्यांना लागू असतात, ज्याला काम नाही त्यालाही. शिलाई खात्याला एकही काम नेमलेलं नाही, पण 13 आणि 14 तारखेची सुट्टी आणि 1,000 नगांचा पहिला हप्ता त्यांना माहीत असायलाच हवा.

कामाच्या ओळीत नाव सगळ्यात आधी. माणूस ग्रुपवर स्वतःचं नाव शोधत असतो. वाक्याच्या पोटात लपलेलं नाव बोट फिरवताना निसटतं. डावीकडे नाव, उजवीकडे तारीख, दोन्ही ठळक, म्हणजे मधलं न वाचताही "माझं आहे का, कधीपर्यंत" एवढं कळतं. कामं मुदतीच्या क्रमानं लावा, माणसाच्या मानानं नाही.

एका कामाला एकच नाव. "अंबादास आणि इरफान: वजन तपासणे" असं लिहिलं की दोघांनाही दुसरा करेल असं वाटतं. काम खरंच दोघांचं असेल तर वर केलंय तसं ते तोडा: विणून प्रोसेसला देईपर्यंत अंबादासचं, तिथून पुढे इरफानचं. काम एका हातातून दुसऱ्या हातात कुठं जातं ते त्यामुळे कागदावर येतं, आणि काम अडकतं ते बहुतेक तिथंच.

क्रियापद असं निवडा की काम झालं की नाही हे तिसऱ्यालाही दिसावं. "वजन बघणे" कधी संपतं? "वजन ग्रुपवर टाकणे" हे आकडा आला की संपलं. मंजुरीच्या ओळीत "लेखी" हा शब्द त्यासाठीच आहे. फोनवरची "हो हो, चालेल" ही मंजुरी नाही, आणि लोगो विणून झाल्यावर ती उपयोगाला येत नाही.

अडकलेली गोष्ट लपवू नका. गोषवारा नीटनेटका दिसावा म्हणून लोक न ठरलेलं गाळतात, आणि मग रेवणसिद्ध आपल्या समजुतीनं टेम्पो सांगून मोकळा होतो. न ठरलेल्या गोष्टीलाही कोण ठरवणार आणि कधी, हे दोन्ही लिहावं. मालकाच्या नावापुढे तारीख टाकायला संकोच वाटत असेल तर वर केलंय तसं "विचारणार" म्हणून दुसऱ्याचं नाव जोडा. आठवण करून देणं हेच त्याचं काम होतं.

कोण काय म्हणालं, कुणाचा वाद झाला, हे काही नको. एखादा निर्णय वाचणाऱ्याला विचित्र वाटेल अशी शक्यता असेल तरच चार शब्दांत कारण द्या. सुताचा खरेदी भाव, कुणाची उचल, ग्राहकाला दिलेली सूट या गोष्टी मीटिंगमध्ये निघाल्या तरी ग्रुपच्या मेसेजात येऊ नयेत. मेसेज एका बोटानं पुढे जातो. त्या त्या माणसाला वेगळं कळवा.

पायरी 4: व्हॉट्सअ‍ॅपवर तो नीट दिसेल असं बघणं

ठळक अक्षरांसाठी शब्दांच्या दोन्ही बाजूंना तारा लावायचा, पण तारा आणि अक्षर यांच्यामध्ये मोकळी जागा सोडायची नाही. सोडली तर अक्षरं ठळक होत नाहीत आणि तारेच दिसत राहतात. ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ आणि एक जागा दिली की ठिपक्यांची यादी होते. आकडा, टिंब आणि जागा दिली की क्रमांकाची. कामांना क्रमांक द्यावेत, ठिपके नकोत. मग इरफान नुसतं "3 झालं" लिहू शकतो आणि सगळ्यांना कळतं.

वरच्या मेसेजात नावं साधी लिहिली आहेत. ग्रुपवर टाकताना @ दाबून यादीतून नाव निवडा. हातानं @ लिहून पुढे नाव टाइप केलं तर ती नुसती अक्षरं राहतात, त्या माणसाला वेगळी सूचना जात नाही.

लांब मेसेज व्हॉट्सअ‍ॅप मध्येच कापतं आणि "Read more" दाखवतं. मागाजवळ उभा असलेला माणूस ते दाबेल यावर विसंबू नका. एका मीटिंगमधून सात-आठपेक्षा जास्त कामं निघाली तर दोन मेसेज करा: एक निर्णयांचा, एक कामांचा. "सर्वांना नमस्कार, आज आपण सर्व जण जमलो" ही सुरुवात गाळली तरी बरीच जागा वाचते. पहिली ओळ विषयाची आणि तारखेचीच हवी, कारण महिन्यानं शोधताना तीच सापडते.

सोलापूरच्या कारखान्यांत आणखी एक गोष्ट धरून चालावी लागते. मागावरच्या कित्येकांच्या घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड असते, आणि बोलायला मराठी येत असलं तरी लांब मराठी वाचायचा कंटाळा येतो. नाव, आकडा आणि वार डोळ्याला सापडतील असा छोटा मेसेज त्यांनाही जमतो. त्यावर खात्याच्या सुपरवायझरनं त्यांच्या भाषेत अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाकला तर उत्तम. फक्त तारीख बदलली तर व्हॉइसही नवीन टाकावा लागतो, हे विसरू नका.

पायरी 5: पाठवल्यानंतरची पंधरा मिनिटं

मीटिंग संपल्यापासून तासाभरात मेसेज जायला हवा. संध्याकाळपर्यंत थांबलं तर प्रत्येकाची आठवण आपापल्या सोयीनं वळलेली असते.

पाठवल्यावर 15 मिनिटांपर्यंत मेसेज दुरुस्त करता येतो, त्यानंतर नाही. म्हणून पाठवल्याबरोबर स्वतःच एकदा वाचा: प्रत्येक कामापुढे नाव आहे का, वार-तारीख जुळते का, आकड्यापुढे एकक आहे का. शुद्धलेखन आणि एकक एवढंच गुपचूप दुरुस्त करा. नाव किंवा तारीख बदलायची वेळ आली तर नवीन मेसेज टाका. दुरुस्ती केली की मेसेजखाली तशी बारीक नोंद दिसते, पण नवा मेसेज आल्यावर जाते तशी सूचना कुणाला जात नाही, आणि ज्यानं आधीच वाचलंय तो जुनीच तारीख धरून बसतो.

मग मेसेज पिन करा. पिन 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस राहते. आपली शेवटची तारीख 31 जानेवारी असल्यामुळे इथं 30 दिवस घ्यायचे. एका ग्रुपवर तीनच मेसेज पिन होतात, म्हणून संपलेल्या कामाची पिन काढत जा. पिनचा पर्याय दिसत नसेल तर ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सांगा. आणि ग्रुपवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग चालू आहे का तेही बघून घ्या. 7 दिवसांची असेल तर महिनाअखेरची मुदत ग्रुपवर उरणारच नाही.

अंगठा आला म्हणजे काम स्वीकारलं, असं धरू नका. अंगठा म्हणजे "दिसलं". ज्यांची नावं कामांपुढे आहेत त्यांच्याकडून "1 ओके", "2 ओके" असं आकड्यासकट उत्तर मागा. रात्री नऊपर्यंत ज्याचं आलं नाही त्याला फोन करा. जो मीटिंगला नव्हता त्याच्या नावावर काम टाकायचं असेल तर मेसेज पाठवायच्या आधी फोन करा. तो हो म्हणेपर्यंत ते काम "अडकलेलं" या भागातच ठेवा. न विचारता नाव टाकलं की माणूस दुखावतो, आणि काम तर होतच नाही.

तारीख सरकली तर

समजा गुरुवारी प्रोसेसवाल्यांकडचं मशीन बंद पडलं आणि नमुने शुक्रवारी मिळणार नाहीत. इरफाननं मूळ मेसेजलाच रिप्लाय करून लिहायचं:

```
*बदल, काम 3*: ~शुक्र 9, सं. 5~ शनि 10, दुपारी 1
कारण: प्रोसेसचं मशीन बंद. शेठना विचारलं, हो म्हणाले.
परिणाम: 20 तारखेच्या हप्त्यावर नाही.
```

दोन्ही बाजूंना ~ दिलं की जुनी तारीख खोडलेली दिसते आणि नक्की काय बदललं ते कळतं. तिसरी ओळ सगळ्यात मोलाची. तारीख एक दिवस सरकली हे ग्राहकाला सांगायचं की नाही, ते त्या ओळीवर ठरतं. ज्याचं काम सरकलं त्यानंच ती लिहावी, कारण पुढच्याला धक्का बसतोय का हे त्यालाच आधी कळतं. आपली मुदत आपणच न विचारता बदलायची नाही, म्हणून दुसऱ्या ओळीत कुणाला विचारलं त्याचं नाव.

एक-दोन बदलांपर्यंत असे रिप्लाय पुरतात. तिसरा बदल आला की माणसं गोंधळतात. तेव्हा पूर्ण यादी "सुधारित" म्हणून तारखेसह नव्यानं टाका, तिला पिन करा आणि जुनी पिन काढा. दोन याद्या एकाच वेळी पिन राहिल्या तर दोघं दोन तारखांवरून भांडतात आणि दोघांकडेही पुरावा असतो.

झालेली कामं मूळ मेसेजातून पुसायला जाऊ नका. पंधरा मिनिटांनंतर ते शक्यही नसतं. इरफाननं वजनाच्या आकड्यांसह "3 झालं" लिहिलं की तीच नोंद: "3 झालं. 10 नमुने, प्रोसेसनंतर सगळ्यात कमी 474, सगळ्यात जास्त 493." इथं सरासरी मागू नका, सगळ्यात कमी आकडा मागा. निर्णय 466 च्या खालच्या मर्यादेचा होता, आणि सरासरी चांगली दिसत असताना दोन टॉवेल नापास असू शकतात.

पुढच्या सोमवारची, 12 जानेवारीची मीटिंग पिन केलेला मेसेज उघडून सुरू करा. 1, 2, 3 असे क्रमांक घेऊन झालं की नाही एवढंच विचारा. मग "अडकलेलं" घ्या. रेवणसिद्धनं शनिवारी शेठना विचारलं असेल तर टेम्पोचं उत्तर आलेलं असेल आणि ते "ठरलं" खाली जाईल. नसेल विचारलं, तर 13 आणि 14 ला कारखाना बंद आहे आणि माल 20 ला पुण्यात पोचायचा आहे, म्हणजे गाडी सांगायला थोडेच दिवस उरतात. तेव्हा त्याच बैठकीत ते ठरवूनच पुढच्या विषयाला जा.